तालमीनंतरचं रेकॉर्डिंग



माझं आयुष्य विंगेत गेलं. म्हणून विंगेतल्याच एका कामाबद्दल बोलतो.

हल्ली तालीम संपली की दिग्दर्शक सूचना मोबाइलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतो. सगळे अंगठा दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी निम्मे बदल झालेले नसतात. यात आळसाचा वाटा थोडा. दिग्दर्शक आठवेल तसं बोलतो, नाटक मात्र पहिल्या पानापासून चालतं. मधलं काम कुणीतरी करायचं असतं.

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या. तीन अंक, पण जागा एकच. तेव्हा आधी संहितेचे तुकडे पाडायचे: कुणी आलं, कुणी गेलं की नवा तुकडा, त्याला नंबर. आता समजा, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं, “बेणारे, तिथे घाई होते. आधी सगळ्यांकडे बघ, मग कडी. दार हलता कामा नये. आणि प्रकाश जरा... बघू.”

‘तिथे’ म्हणजे दुसऱ्या अंकाच्या शेवटी, नायिका बेणारे निघून जायला बघते आणि दार बाहेरून अडकलेलं असतं तिथे. तुकड्याचा नंबर, पान आणि आधीचं वाक्य लिहा. मग सूचना फोडा. अभिनेत्रीला: वळ, बघ, मग कडी. नेपथ्याला: ती दार ओढते तेव्हा अख्खा फ्लॅट डुगडुगतो, आणि या गंभीर क्षणी प्रेक्षक हसतात, म्हणून मागून एकानं चौकट धरायची. तो माणूस कधी उभा राहणार? तिच्या वळण्याआधी दोन वाक्यं. तेही लिहा, नाहीतर तो चहा पीत असेल. प्रकाशयोजनेला काहीच द्यायचं नाही. ‘बघू’ हा निर्णय नव्हे. तो वेगळ्या पानावर, दिग्दर्शकाला विचारायला.

खरी गंमत पुढे आहे. दाराची ती बाहेरची कडी पहिल्या अंकातच बेणारेच्या बोटाला लागलेली असते. तिथे ती प्रेक्षकांच्या लक्षात राहिली नाही, तर इथे दार का उघडत नाही ते कळणार नाही. म्हणजे दुसऱ्या अंकाच्या या सूचनेची एक नोंद पहिल्या अंकातही जाते. रेकॉर्डिंगमध्ये ती कुणीच सांगितलेली नसते; नाटक माहीत असलेल्यालाच ती सुचते. सुचली तरी दिग्दर्शकाला विचारूनच लिहा.

एक गोष्ट कागदावर येत नाही: दिग्दर्शकानं वाक्य म्हणून दाखवलेला सूर. तिथे फक्त मिनिट-सेकंद लिहा आणि नटाला तेवढाच भाग ऐकवा. जुनी सूचना नवीनमुळे रद्द झाली असेल तर ती खोडा, तारखेसकट. दोन्ही राहिल्या की नट जुनीच करतो, कारण ती त्याच्या अंगात बसलेली असते.

हे काम नटाकडे देऊ नका. तो स्वतःचंच नाव ऐकतो. ज्याला अख्खं नाटक पाठ आहे आणि ज्याची भूमिका नाही, असा एक जण पुढच्या एकांकिकेला पहिल्या तालमीपासून नेमा, आणि छापील पत्रिकेत त्याचं नाव घाला.