पहिला मुद्दा: तक्रारदार ग्राहक आहे का?



ग्राहक आयोगाचे निकालपत्र हातात आले की माणूस आधी शेवटचे पान उघडतो. तिथे मधोमध ‘आदेश’ असे लिहिलेले असते आणि त्याखाली रक्कम. भोसरीच्या एमआयडीसीत किंवा चाकणच्या रस्त्यालगत दोन-तीन मशिनांवर जॉबवर्क करणारा तक्रारदार माझ्याकडे येतो, तोही त्याच पानावर बोट ठेवून. मी त्याला कागद उलटा फिरवायला लावते. आधी ‘मुद्दे’ आणि ‘निष्कर्ष’ हा तक्ता वाचू या, असे सांगते. त्यात बहुतेक वेळा पहिलाच प्रश्न असतो, तक्रारदार हे कायद्याने ग्राहक आहेत काय? समोर लिहिलेले असते, होकारार्थी. शेवटच्या पानावरची सगळी रक्कम या एका शब्दावर उभी असते.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्यामागे एक जुना खटला आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स नावाचा एका मालकाचा लघुउद्योग, नोंदणी पुण्यातली, महाराष्ट्र राज्य वित्तीय महामंडळाचे साहाय्य घेतलेला. २८ मे १९९० रोजी त्यांनी पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या संस्थेकडे सीएनसी टर्निंग मशिनची ऑर्डर दिली. किंमत सुमारे २१ लाख रुपये. तक्रार अशी होती की मशिन ठरल्या तारखेपेक्षा सहा महिने उशिरा आले आणि आले तेही सदोष. महाराष्ट्राच्या राज्य आयोगाने तक्रारदाराच्या बाजूने निकाल दिला. २ लाख ४८ हजार रुपये ३० दिवसांत द्यावेत, न दिल्यास त्यावर द.सा.द.शे. १८ टक्के व्याज.

या आदेशात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या सुट्या करून पाहू. रक्कम ही नुकसानीची भरपाई आहे. तीस दिवस ही जाबदाराला पैसे भरायला दिलेली मुदत आहे. आणि व्याज मुदत चुकली तरच लागू होते. १८ टक्के दराने २ लाख ४८ हजारांचे वर्षाचे व्याज ४४ हजार ६४० होते, म्हणजे महिन्याला ३ हजार ७२०. ते आदेशाच्या तारखेपासून मोजायचे की मुदत संपल्यावर, हे आदेशातल्या शब्दांवर ठरते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारदाराला मी ते वाक्य मोठ्याने वाचायला सांगते आणि त्यातल्या ‘पासून’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारते. एका महिन्याचा फरक कागदावर छोटा दिसतो, पण हप्ते भरणाऱ्या माणसाला तो छोटा नसतो.

आता लक्ष्मी इंजिनिअरिंगचे पुढे काय झाले ते ऐका. विरुद्ध पक्ष राष्ट्रीय आयोगात गेला. तिथे पहिलाच मुद्दा उलटला. मशिन व्यापारी कारणासाठी घेतले आहे, म्हणून घेणारा ग्राहक नाही, असे ठरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ एप्रिल १९९५ रोजी तिथेही हाच निष्कर्ष कायम राहिला. मशिन सदोष होते की नव्हते, हा प्रश्न मागेच राहिला आणि २ लाख ४८ हजारांचा आदेश गेला.

पण याच निकालाने लहान कारखानदाराच्या हाती एक मोजपट्टीही दिली. कायद्यात १९९३ साली एक स्पष्टीकरण आले होते. केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतलेली मानायची नाही. न्यायालयाने त्याचा अर्थ उदाहरणांनी सांगितला, आणि त्यात लेथचेही उदाहरण आहे. लेथ घेऊन जो स्वतः चालवतो तो ग्राहक. हाताखाली एक-दोन माणसे मदतीला घेतली म्हणून त्याचे ग्राहकपण जात नाही. लेथ घेऊन ती पूर्णपणे दुसऱ्याकडून चालवून घेणारा मात्र ग्राहक नाही. वस्तूच्या किमतीवरून एकदम निर्णय करायचा नाही, ती कशासाठी आणि कशी वापरली हे प्रत्येक प्रकरणात पाहायचे. २०१९ च्या नव्या कायद्यातही हे स्पष्टीकरण कायम आहे.

म्हणून निकालपत्रातला पहिला मुद्दा वाचताना मी तक्रारदाराला विचारते, आयोगाने ‘होकारार्थी’ कशाच्या आधारे लिहिले? मशिनवर तुम्ही स्वतः उभे राहता, असे शपथपत्रात आले होते का? कामगारांची संख्या कुठे नोंदली आहे? कर्ज कोणत्या योजनेत घेतले, त्याचे कागद पुराव्यात आहेत का? कारणमीमांसेत याची दोन-तीन ठोस वाक्ये असतील तर निकालाचा पाया पक्का आहे. नुसतेच ‘तक्रारदार ग्राहक आहेत’ असे लिहून पुढे गेले असेल, तर अपिलात पहिला घाव तिथेच बसणार. याची तयारी निकाल जिंकल्याच्या दिवसापासून करावी लागते. जिंकलेल्या माणसाला हे ऐकवणे मला जड जाते, पण ऐकवावेच लागते.

आज २१ लाखांच्या मशिनची तक्रार पुणे जिल्हा आयोगातच चालेल, कारण मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे अधिकार आहे. तिथल्या निकालावर राज्य आयोगाकडे अपील होते. इथे दोन घड्याळे एकाच वेळी चालतात. पैसे भरण्याची मुदत आदेशात लिहिलेली असते, आणि पुष्कळदा ती आदेशाची प्रत मिळाल्यापासून मोजायची असते. अपिलाची मुदत कायद्याने ठरलेली आहे, आदेशाच्या तारखेपासून ४५ दिवस. म्हणून प्रत ज्या पाकिटातून आली ते पाकीट फेकू नका. त्यावरचा टपालाचा शिक्का पुढे कामाला येतो. रक्कम भरण्याचा आदेश असेल तर अपील करणाऱ्या जाबदाराला निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. ती जमा झाली का, हे राज्य आयोगात विचारून घ्या. आणि नुसते अपील दाखल झाले म्हणून आदेश थांबत नाही. तो थांबवायला वेगळी स्थगिती लागते.

मुदत संपली, स्थगिती नाही आणि पैसेही आले नाहीत, तर दरखास्त दाखल करायची. आदेशाची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी करून घेता येते. शिवाय आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दरखास्तीत हिशेबाचा तक्ता जोडावा लागतो. मूळ रक्कम, मानसिक त्रासापोटी ठरलेली रक्कम, तक्रारीचा खर्च, या ओळी वेगळ्या ठेवा. व्याज कोणत्या ओळीवर दिले आहे हे पाहूनच लावा. सगळ्या बेरजेवर सरसकट व्याज लावले की जाबदाराला हरकत घ्यायला आयते निमित्त मिळते.

आणि पहिला मुद्दाच अपिलात उलटला तर? लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात शेवटी हेही सांगितले आहे की तक्रारदार दिवाणी न्यायालयात दावा लावू शकतो, आणि ग्राहक आयोगात गेलेला काळ मुदतीतून वगळावा म्हणून मुदत कायद्याच्या कलम १४ चा आधार मागू शकतो. तो काळ मोजायला पहिली तारीख लागते. म्हणून तक्रार दाखल झाल्याची पोच, तिच्यावरच्या तारखेसह, निकालपत्राच्या मागे लावून ठेवा.