सगळ्यांना सारखेच वगळले तर?

राज्यघटनेच्या कलम 14 खाली एखादी सरकारी कारवाई रद्द करायची, तर पूर्वी आपण पहिला प्रश्न विचारत असू : माझ्यासारख्या दुसऱ्याला वेगळी वागणूक मिळाली का? वर्गीकरण समजण्याजोग्या भेदावर उभे आहे का आणि त्या भेदाचा कायद्याच्या उद्दिष्टाशी संबंध आहे का, एवढेच तपासले जाई. 1973 च्या नोव्हेंबरमध्ये रॉयप्पा खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी या चौकटीबाहेर पाऊल टाकले. मनमानी आणि समता एकमेकींच्या वैरी आहेत, म्हणून कृती मनमानी ठरली की तिथेच समतेचा भंग झाला, असे त्यांनी मांडले. तमिळनाडूच्या मुख्य सचिवपदावरून हटवलेल्या रॉयप्पांची याचिका मात्र फेटाळली गेली. त्यामुळे हे तत्त्व प्रत्यक्षात काय करू शकते, ते त्या निकालातून कळत नाही. ते कळते श्रीलेखा विद्यार्थी खटल्यातून.

6 फेब्रुवारी 1990 रोजी उत्तर प्रदेश सरकारने एक परिपत्रक काढले. राज्यातल्या सर्व जिल्ह्यांतील सरकारी वकिलांच्या, मग ते दिवाणी असोत, फौजदारी असोत वा महसुली, नेमणुका त्या महिन्याच्या अखेरीस संपुष्टात येतील आणि नव्या याद्या तयार कराव्यात, असा आदेश होता. कुणाची मुदत संपली होती, कुणाची उरली होती. कुणाचे काम चांगले, कुणाचे वाईट. हे कुठेच पाहिले नव्हते. आता जुनी कसोटी लावून पाहा. भेदभाव कुणाशी झाला? सगळ्यांना सारखेच काढले. तुलनेला दुसरा माणूसच उरला नाही, म्हणजे त्या कसोटीने हे परिपत्रक निर्दोष सुटते. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण एवढ्या माणसांना एका फटक्यात लागू पडेल असे कोणतेही समान कारण त्यामागे नव्हते. ही नेमणूक निव्वळ करार आहे आणि कारण न देता ती केव्हाही संपवता येते, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने त्यावर दिलेले उत्तर मला या सगळ्या विषयाचे मर्म वाटते : कारण न कळवण्याची मुभा म्हणजे कारणच नसण्याची मुभा नव्हे.

या तत्त्वावरचा सर्वांत भारदस्त आक्षेप मुंबईचाच आहे. एच. एम. सीरवाई यांनी आपल्या ग्रंथात म्हटले की हा नवा सिद्धांत कलम 14 च्या शब्दांना सोडून अधांतरी लोंबकळतो. समता म्हणजे तुलना, आणि तुलनेवाचून समतेचा भंग कसा होईल? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण तुलना नेहमी दोन माणसांमध्येच करावी लागते, हे त्यातले गृहीतक मला मान्य नाही. कायद्यापुढे समान असणे म्हणजे माझ्याविषयीचा निर्णय अशा नियमाने होणे, जो माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी तसाच लागू पडला असता. ज्या निर्णयामागे नियमच नाही, त्यात समानतेने लावण्यासारखे काही उरत नाही. भेदभाव हा नियम वाकवण्याचा दोष. मनमानी हा नियम नसण्याचा. दुसरा दोष पहिल्याहून सौम्य कसा मानायचा?

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे : न्यायाधीशाला पटले नाही की ते मनमानी, असे होईल. हा धोका खरा आहे आणि आपल्या याचिका तो वाढवतात. 'मनमानी, अन्यायकारक व अवाजवी' हे तीन शब्द प्रत्येक याचिकेत टाकले, की एकालाही वजन राहत नाही. निर्णय शहाणपणाचा होता का, हे न्यायालयाने पाहायचे नाही. कारण होते का, ते अधिकाराच्या हेतूशी जुळत होते का आणि निर्णय घेताना ते डोळ्यांसमोर होते का, एवढेच पाहायचे. याच सरकारी वकिलांच्या पदांविषयी 2004 साली जोहरी मल खटल्यात मुदत संपलेल्या वकिलाचे नूतनीकरण नाकारले गेले होते. तिथे त्या एका माणसाचा स्वतंत्र विचार झाला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. तत्त्वाची सीमा या दोन निकालांच्या मधोमध आहे.

म्हणून लढत खरी फाइलवर व्हायला हवी. अंधेरीच्या चित्रपटगृहाची परवानगी रद्द करणाऱ्या मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या आदेशाविषयी गोर्धनदास भानजी खटल्यात ठरलेला नियम 1977 च्या मोहिंदरसिंग गिल निकालाने ठामपणे पुढे नेला : आदेशाची कारणे मागाहून प्रतिज्ञापत्रातून पुरवता येत नाहीत. सरकारचे उत्तर दाखल झाले की आपण त्यातली कारणे खोडत बसतो. त्याआधी मूळ नस्ती मागवावी, टिपणीवरची तारीख आदेशाच्या तारखेशी ताडून पाहावी, आणि प्रतिज्ञापत्रातले कारण त्या टिपणीत नसेल तर युक्तिवादाची सुरुवात तिथूनच करावी.