छायाचित्रावरून जरदोजीची पारख



वाराणसीच्या लल्लापुरा भागातील कारागीर धातूच्या तारेने गणवेशावरील बिल्ले व बोधचिन्हे भरतात आणि ती परदेशातही जातात. दूरचा खरेदीदार अनेकदा नमुन्याचे छायाचित्र पाहूनच मागणी कोणाला द्यायची ते ठरवतो. म्हणून छायाचित्र काय सांगते आणि काय लपवते, हा प्रश्न कारागिराच्या मजुरीशी निगडित आहे.

पहिली कसोटी टाक्यांच्या सारखेपणाची. जरदोजीत दबका, म्हणजे स्प्रिंगसारखी वळलेली पोकळ तार, लहान तुकड्यांत कापून मण्याप्रमाणे सुईत ओवतात आणि दोऱ्याच्या भरावावर बसवतात. तुकडा लांब झाला तर तो कमानीसारखा उचलला जातो; आखूड पडला तर कडेला भराव दिसतो. मात्र समोरून प्रखर प्रकाश टाकला की तार चकाकते आणि दोन्ही दोष झाकले जातात. प्रकाश एका बाजूने, तिरपा हवा.

दुसरी कसोटी नक्षीच्या अचूकतेची आणि तिसरी कापडाच्या ताणाची. या दोन्ही एकत्र तपासाव्या लागतात. समजा, खाक्यावर, म्हणजे टोचून तयार केलेल्या मूळ रेखाटनावर, ६० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आहे. पहिल्या नमुन्याच्या छायाचित्रात ते ६० रुंद व ५७ उंच दिसते. दुसऱ्यात दोन्ही मापे ६० भरतात. खरेदीदार साहजिकच दुसरा नमुना निवडील. परंतु पहिल्या नमुन्याशेजारी उभी व आडवी अशा दोन मोजपट्ट्या ठेवल्या होत्या आणि उभ्या पट्टीवरील ६० मिलिमीटरचे अंतरही आडव्या पट्टीच्या तुलनेत तेवढेच आखडलेले दिसत होते. याचा अर्थ कॅमेरा कलता होता. नक्षी निर्दोष होती. उभी पट्टी योग्य प्रमाणात दिसली असती, तर मात्र दोष कामाचाच ठरला असता.

दुसरा नमुना कारचोबावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणलेला असतानाच टिपला होता. तेथे कोणतेही कापड सपाटच दिसते. चौकटीवरून उतरवल्यावर कापड सैल होते, घट्ट ओढलेले टाके ते आत खेचतात, नक्षीभोवती चुण्या पडतात आणि वर्तुळ आक्रसते. म्हणून तुलनेसाठी छायाचित्र कापड उतरवून, काही तास मोकळे ठेवून, सपाट पृष्ठावर, बरोबर वरून घ्यावे. मागील बाजूचेही एक छायाचित्र असावे, कारण दोऱ्याची असमान ओढ तेथे स्पष्ट दिसते.

तारेचे वजन, तिच्यावरील मुलाम्याचा टिकाऊपणा आणि टाक्याची पकड यांचा निर्णय छायाचित्रावरून होत नाही. त्यासाठी नमुना हातातच घ्यावा लागतो.

यात अर्थशास्त्राचा मुद्दा असा की, चुकीच्या तुलनेची किंमत निवड करणारा क्वचितच मोजतो. नगावर मजुरी ठरलेली असेल, तर माल नाकारला जाताच दिवसांचे श्रम कारागिराच्या अंगावर पडतात. म्हणून छायाचित्र कसे घ्यायचे, हे मागणीपत्रातच लिहिले जावे आणि ते दोन्ही पक्षांना बंधनकारक असावे.