पुरे म्हणजे किती?



खामगावला परत येऊन राहायचं ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो नोकरी कधी सोडता येईल हा. सर, तुमच्या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला असतो. आम्हा खासगी नोकरीवाल्यांना तो भत्ताही आपल्याच पुंजीतून काढावा लागतो.

१९९४ मध्ये विल्यम बेंगन या अमेरिकी सल्लागाराने हिशेब मांडला होता. पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढा, पुढे महागाईइतके वाढवत जा, ३० वर्षं पुरेल. पण तो आकडा अमेरिकेतल्या बाजाराचा. मी ४४ वर्षांची, मला चाळीसेक वर्षं काढायची आहेत आणि आपल्याकडे महागाईही जास्त. म्हणून मी ३ टक्के धरले. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या ३३ पट पुंजी, राहतं घर सोडून.

काटकसरीचं जगणं मी आधी महिना ३५ हजारांत बसवलं आणि १ कोटी ३९ लाख पुरतील म्हणून खूश झाले. चूक कुठे झाली ते बँकेचं वर्षभराचं पासबुक पाहिल्यावर कळलं. मी एका साध्या महिन्याचा खर्च धरला होता. विम्याचा हप्ता, गाडीची दुरुस्ती, लग्नांतले आहेर, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, असे १ लाख ८० हजार त्यात नव्हतेच. म्हणजे काटकसरीतही महिना ५० हजार, पुंजी १ कोटी ९८ लाख. तुम्हीही एका महिन्यावर विसंबू नका, बारा महिन्यांची बेरीज करा.

मग सुखाचं जगणं, महिना ७५ हजार: सहल, पुस्तकं, उपचारासाठी अकोल्याला गाडी करून जाता यावं. त्याला २ कोटी ९७ लाख. आणि ऐसपैस, सवा लाखाचं, भाच्यांच्या शिक्षणाला हात देता येईल असं. त्याला जवळजवळ ५ कोटी. महिन्याचा खर्च हजाराने वाढला की पुंजी चार लाखांनी वाढते, हे मात्र मला आधी उमगलं नव्हतं. (तेव्हापासून ओटीटीचे हप्ते मोजायला लागले.)

माझ्याजवळ आज १ कोटी ६० लाख आहेत आणि महिन्याला दीड लाख बाजूला पडतात. महागाई वजा जाता ४ टक्के परतावा धरला, तर काटकसरीचा आकडा दीडेक वर्षात येतो, सुखाचा पाचेक वर्षांत, ऐसपैसचा अकरा वर्षांनी.

मी मधला निवडला. कारण काटकसरीत कापायला काही उरत नाही. नोकरी सोडल्यावर पहिल्याच दोन-तीन वर्षांत बाजार पडला, तर पडत्या भावात गुंतवणूक विकावी लागते आणि ती पुन्हा भरून येत नाही. ७५ हजारांतले २५ हजार मी तशा वर्षी थांबवू शकते. ऐसपैससाठी आणखी सहा वर्षं द्यावी लागतील, आणि आई आता ७२ वर्षांची आहे.