पहिला बल्ब करंट खातो का?

आपल्या गटातल्या काही जणी चाकणला वायर हार्नेसच्या कामावर जातात. रोज वायरी हाताळूनही त्यांचा एक समज होता, की पहिला बल्ब थोडा करंट खातो आणि उरलेला पुढच्याला मिळतो. आम्ही बैठकीत ते करूनच पाहिलं.

१.५ व्होल्टचे दोन सेल एकामागे एक ठेवले. टॉर्चचे २.५ व्होल्टचे दोन सारखे बल्ब घेतले. सेलच्या एका टोकापासून वायर पहिल्या बल्बला, तिथून दुसऱ्याला, तिथून परत सेलच्या दुसऱ्या टोकाला. दोन्ही बल्ब मंद पेटले, पण सारखेच. एखादा जास्त मंद वाटला तर दोघांच्या जागा बदला. मंदपणा बल्बबरोबर गेला, तर दोष त्या बल्बचा.

मग वायर सोडवून मधे मल्टिमीटर जोडला. पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मधे आणि शेवटी, तिन्ही ठिकाणी ०.२२ अँपिअर! दुसऱ्या बल्बमुळे वाट अवघड होते, म्हणून करंट सगळीकडेच सारखा कमी होतो.

मग सेल का संपतो? सायकलची चेन बघा. जितक्या कड्या पुढे जातात, तितक्याच परत येतात. खर्च होते ती पायांची ताकद. तसंच सेलमधल्या रसायनांची ऊर्जा उजेड आणि उष्णता होऊन जाते. करंट मात्र तेवढाच परत येतो.

हा प्रयोग सेलवरच करा, घरातल्या प्लगवर कधीही नको.