मागच्या खिशातला फोन आणि कानातली खरखर

आज एक छोटासाच एपिसोड, पण खिशातले पैसे वाचवणारा.

मी राहतो जुना जालन्यात. रोज संध्याकाळी कानात इअरबड्स, फोन जीन्सच्या मागच्या उजव्या खिशात, आणि पायी मोती तलावाकडे. गल्लीतून जाताना आवाज एकदम स्वच्छ. तलावाच्या काठी मोकळ्यावर आलो की खरखर सुरू, मधले शब्दच गायब. मला वाटलं, बड्स खराब निघाले. बदलून आणायला निघालोच होतो.

आधी नेटवर संशय घेतला. म्हणून डाउनलोड केलेला एपिसोड लावला, फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि ब्लूटूथ तेवढं परत चालू केलं. तरी तेच! मग फोन खिशातून काढून हातात, छातीसमोर धरला. खरखर बंद. परत मागे ठेवला, परत सुरू. म्हणजे बड्स ठीक होते, आड येत होतो मीच.

कसं ते सांगतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, त्याची लाट साधारण १२ सेंटिमीटर लांब. आपल्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी, तेही खारट. ही लाट मांसात दोन-अडीच सेंटिमीटर गेली की तिचा बराचसा जोर संपतो. (घाबरू नका, फोनच्या ब्लूटूथची ताकद काही मिलिवॅटच असते, त्याने काही भाजत नाही.) तर मागच्या खिशातून कानापर्यंत सरळ रस्ता म्हणजे कंबर, पाठ, खांदा. तिथून फारसं काही पार होत नाही.

मग गल्लीत कसं चालत होतं? भिंतींमुळे! लाट घरांच्या भिंतींवर आपटून, वळसा घालून कानात येत होती. तलावाकाठी भिंतच नाही, त्यामुळे गेलेली लाट परत येत नाही. हरवलेला तुकडा फोन पुन्हा पाठवतो, आणि बड्सकडे सेकंदाच्या काही भागापुरताच आवाज साठवलेला असतो. तो साठा संपला की शब्द गळतो. गेम मोड चालू असेल तर हा साठा आणखी कमी, म्हणून चालताना तो बंदच ठेवा.

आता बाजूचा मुद्दा. काही बड्समध्ये एकच बड फोनशी बोलतो आणि दुसऱ्याला आवाज पुढे देतो. तो मुख्य बड डावा आणि फोन उजव्या मागच्या खिशात असेल, तर अख्खं अंग आडवं येतं. मोकळ्या जागी एकेक बड लावून बघा. ज्या बाजूने कमी तुटतं, फोन त्याच बाजूच्या पुढच्या खिशात, नाहीतर शर्टच्या खिशात ठेवा. माझं शर्टच्या खिशाने भागलं.

आणि फोन छातीसमोर धरूनही, शांत मोकळ्या जागी खरखर येतच असेल, दुसऱ्या फोनला जोडूनही तसंच असेल, तर मात्र बिल शोधा आणि दुकान गाठा.