दवाखान्यात भेटी बंद का होतात?

साथीच्या काळात दवाखान्याच्या दारावर सूचना लागते.
नातेवाइकांना आत प्रवेश नाही.

2020 मध्ये करोना आला,
तेव्हा परभणी जिल्ह्यातही भेटींवर बंधनं आली.
जिंतूरहून, पालमहून डबा घेऊन आलेल्या माणसाला
ही सूचना कठोर वाटते.
वाटणारच.

पण श्रोतेहो, कारण साधं आहे.
करोनात लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून
संसर्ग पसरू शकतो.
भेटायला आलेला माणूस ठणठणीत दिसतो.
त्याला ताप नसतो.
म्हणून दारावर ताप मोजला, तरी संसर्ग सापडत नाही.
आत मात्र मधुमेहाचे, डायलिसिसचे रुग्ण असतात.
त्यांना हाच संसर्ग जड जातो.

उलटही घडतं.
भेटणारा रुग्णाकडून संसर्ग घेतो,
एसटीनं गावी परततो,
आणि संसर्ग घरातल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचतो.
लक्षणं दिसायला कधी 14 दिवसही लागतात.
तोवर कुणालाच पत्ता नसतो.

म्हणजे ठणठणीत दिसणाऱ्यालाही दारातच थांबवावं लागतं.
डब्यावर रुग्णाचं नाव लिहून तो दारावर देता येतो.
बोलणं फोनवर होतं.
रुग्ण लहान मूल असेल किंवा अत्यवस्थ असेल,
तर एका माणसासाठी डॉक्टरांकडे परवानगी मागता येते.